एकाच गांवांतलीं दोन नातीं

वकिलाच्या कचेरींत किंवा डॉक्टराच्या दवाखान्यांत आपण आपलें गुपित सांगतों, तेव्हां एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. ती ही कीं, बोलणें संपलें म्हणजे तो आपल्या वाटेनें जाईल आणि आपण आपल्या वाटेनें जाऊं. शहरांत हें बहुधा खरें ठरतें. ज्याला आपल्या संसारांतली जखम दाखविली तो मनुष्य दुसऱ्या दिवशीं आपल्या पंक्तीला येऊन बसत नाहीं, कीं त्याच्या मुलाचें स्थळ आपल्या भाचीला सांगून येत नाहीं. अनोळखीपणा हा शहराचा दोष असें आपण नेहमीं म्हणतों. पण मन मोकळें करावयाचें असतें तेव्हां तोच शहराचा मोठा उपकार असतो.

आतां वाचकांनीं दक्षिण कोंकणांतलें एक लहानसें गांव डोळ्यांपुढें आणावें. अकराशेंच्या आसपास वस्ती, तीन वाड्या, एक शाळा, एक रेशनचें दुकान, दिवसांतून दोनदां येणारी एस.टी. या गांवांत एक समाजकार्यकर्ती आहे. ती तालुक्याच्या समुपदेशन केंद्रांत नोकरीला असून आठवड्यांतून दोन दिवस आपल्याच गांवीं बसते. घरांत मारहाण होते अशा स्त्रिया, टाकून दिलेल्या स्त्रिया, म्हातारपणीं मुलगे विचारीनासे झालेल्या आया तिच्याकडे येतात. तिचें रीतसर शिक्षण झालेलें आहे. परंतु ती या गांवची सूनही आहे. जिचें गाऱ्हाणें ती सकाळीं लिहून घेते तिच्याच घरचें दूध तिच्या घरीं येतें, आणि ज्या नवऱ्याविरुद्ध तें गाऱ्हाणें आहे तो कदाचित् तिच्या सासऱ्याच्या पंपाची दुरुस्ती करतो. अशा स्थितींत आपल्या पेशाची मर्यादा तिनें कोठें आंखावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. अशा कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख करण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं. पुढें जी हकीकत देणार आहें तींत कोणाची ओळख पटूं नये म्हणून मीं तपशील बदलले आहेत. गोष्टीचा गाभा तेवढा तसाच ठेवला आहे.

समाजकार्य हा शिकून करावयाचा पेशा आहे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय निघालें आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ त्याचे पहिले संचालक झाले. तेव्हांपासून या पेशाचे नीतिनियम आपण बव्हंशीं अमेरिकेंतूनच घेत आलों आहों. तेथील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनें १९६० सालीं आपली पहिली आचारसंहिता केली आणि १९९६ सालीं ती नव्यानें लिहिली. मदतीसाठीं येणाऱ्या माणसाशीं, ज्याला या पेशांत सेवार्थी म्हणतात, ज्यांत त्याच्या शोषणाचा किंवा त्याला इजा पोंचण्याचा धोका असेल असें दुसरें नातें जोडूं नये, असा तीतला दंडक आहे. मात्र या संहितेंतच एक पोटवाक्य आहे, आणि आमच्यासारख्यांना तेंच अधिक महत्त्वाचें वाटतें. दुहेरी नातें जेथें टाळतां येत नाहीं तेथें सेवार्थीला इजा पोंचूं नये म्हणून स्पष्ट मर्यादा घालून देण्याची जबाबदारी कार्यकर्त्याची आहे, असें तें वाक्य सांगतें. म्हणजे आमचीं सारीं गांवें त्या एका पोटवाक्यांत राहतात.

येथें कोणी म्हणेल कीं, हा दंडक मुळांतच परका आहे. आपल्याकडे नवराबायकोच्या भांडणांत मामा पडतो, थोरला दीर पडतो, वाडींतला एखादा वडीलधारा पडतो. आणि तो नात्यांतला आहे म्हणूनच त्याचा शब्द चालतो. परक्याला आपल्या घरांत कोण विचारतो? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो हंसण्यावारीं नेणाऱ्या तरुण पदवीधरांचा मला नेहमींच राग आला आहे. परंतु तो मामा राखतो काय, तें पाहिलें पाहिजे. तो सोयरीक राखतो, घराचें नांव राखतो. भांडण मिटलें, सून परत नांदायला गेली, चार लोकांत बोभाटा झाला नाहीं, म्हणजे त्याचें काम झालें. मिटविलेल्या भांडणाची किंमत कोणी मोजली, हें तो विचारीत नाहीं. त्यानें तें विचारावें असा त्याच्या भूमिकेचा अर्थही नाहीं. गांवाच्या शांततेपेक्षां त्या एका बाईच्या जिवाची काळजी ज्याला अधिक, असें एक तरी माणूस गांवांत असावें, एवढ्यासाठींच कार्यकर्तीची नेमणूक असते. अडचण एवढीच कीं, तिलाही त्याच शांततेंत रहावयाचें असतें.

दुहेरी नात्यांत वाईट नेमकें काय आहे? माझ्या मतें तें नातीं दोन असण्यांत नाहीं. गांवांत प्रत्येकाचीं प्रत्येकाशीं चार-चार नातीं असतात आणि त्यांतून गांव मोडत नाहीं. विहिरीवर दोघी शेजारणी एकमेकींच्या घरचें सर्व कांहीं जाणतात. पण तें जाणणें सारखें असतें. एकीचें गुपित दुसरीपाशीं गहाण, आणि दुसरीचें पहिलीपाशीं. कार्यकर्तीचें तसें नाहीं. समोरच्या बाईनें तिला सर्व सांगितलेलें असतें आणि तिनें मात्र आपलें कांहींच सांगितलेलें नसतें. हें एकतर्फी जाणणें खोलीच्या बाहेर पडून दुसऱ्या नात्यांत शिरलें कीं, तें शस्त्र होतें. धरणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसलें तरी होतें. म्हणून अशा प्रत्येक नात्याविषयीं मी आमच्या मुलींना एकच गोष्ट पहावयास सांगत असें: त्या दुसऱ्या नात्यांत ही बाई तुमच्याशीं भांडूं शकते का? दुधाच्या मापावरून, बांधाच्या हद्दीवरून ती तुम्हांला चार शब्द सुनावूं शकत नसेल, तर तुम्ही शेजारीण उरलां नाहीं असें समजा.

आतां हकीकत. एक तेवीस-चोवीस वर्षांची स्त्री या कार्यकर्तीकडे आली. पहिल्या खेपेस म्हणाली, "पायरीवरून पडलें." तिसऱ्या खेपेस खरें सांगितलें. नवरा होडीवर खलाशी; हंगाम संपला कीं घरीं बसून पत्ते आणि दारू; आणि पैसे संपले कीं हात उगारणें. तिच्या भावानें दिलेले पैसे आणि अंगावरची एक सोन्याची वस्तु त्यानें नेली होती. हें सर्व त्या खोलींत सांगितलें गेलें. ती खोली ग्रामपंचायतीच्या पडवीला लागून आहे, आणि त्याच दिवशीं तेथें निराधार योजनेचे अर्ज भरले जातात, दाखल्यांचीं कामें होतात. हें मुद्दाम केलेलें होतें. केवळ संसाराचीं दुःखें ऐकण्याची म्हणून एखादी खोली गांवांत उघडली, तर तिच्याकडे वळलेलें पाऊल हीच बातमी होते. जेथें दहा कामांसाठीं दहा बायका येतात तेथें अकरावी कशासाठीं आली हें कोणाला कळत नाहीं.

निघतांना कार्यकर्तीनें तिला शाळेंत शिकविलेला नियम सांगितला: "आपण वाटेंत भेटलों तर मी आपण होऊन तुझ्याशीं बोलणार नाहीं. तूं बोललीस तर बोलेन." शहरांत हा नियम योग्य आहे, ओळख दाखवावयाची कीं नाहीं हें त्यानें सेवार्थीच्या हातीं राहतें. पण ती मुलगी चटकन् म्हणाली, "नको काकी, तसें करूं नका. नेहमींसारखें विचारा, काय गो, कुठें निघालीस म्हणून. नाहीं विचारलेंत तर माझी सासू विचारील, आज काकी गप्प कां?" नियम जिच्या संरक्षणासाठीं होता तिनेंच तो असा दुरुस्त करून दिला. ज्या गांवांत सर्व सर्वांशीं बोलतात तेथें न बोलणें हीच मोठी घोषणा असते. मर्यादा आंखावयाची ती सेवार्थीच्या संमतीनें, पहिल्या एकदोन भेटींतच, आणि तिच्या गांवाच्या रीतीला धरून, हें मीं पुस्तकांतून नव्हे, या एका वाक्यावरून पुरतेंपणीं शिकलें.

भेटवस्तूंचेंही तसेंच. कांहीं दिवसांनीं त्या मुलीच्या घरून बांगड्यांचें कालवण आलें. घेतलें नाहीं तर अपमान, घेतलें तर मोबदला. कार्यकर्तीनें तें घेतलें आणि रिकामें भांडें परत पाठवूं नये या रीतीप्रमाणें त्यांत चार नारळवड्या घालून दुसऱ्या दिवशीं परत केलें. यांत मला कांहीं वावगें दिसलें नाहीं. अंगठी असती तर गोष्ट निराळी होती. आणि दर आठवड्याला कालवण येऊं लागलें असतें तर तीही निराळीच होती.

खरा प्रसंग पुढेंच आला. गांवांत बारा बायकांचा एक बचत गट होता. दरमहा प्रत्येकीचे दोनशें रुपये जमत, आणि त्या रकमेंतून आपसांत शेंकडा दोन रुपये महिना व्याजानें कर्जें दिलीं जात. कार्यकर्ती या गटाची सचिव होती. शिकलेली सून, हिशेब स्वच्छ, म्हणून तिलाच सर्वांनीं आग्रहानें नेमलें होतें, आणि ही मुलगीही त्याच गटांत होती. मे महिन्याच्या बैठकींत तिनें पंधरा हजारांचें कर्ज मागितलें. कारण सांगितलें, पावसाच्या आधीं छप्पर शाकारावयाचें आहे.

तेथें बसलेल्या बारा जणींत नवऱ्याच्या पत्त्यांच्या देण्याविषयीं एकटी कार्यकर्ती जाणून होती. बोलावें तर खोलींतलें गुपित पडवींत आलें. कांहींच माहीत नसल्यासारखा होकार द्यावा तर बाकीच्या अकरा जणींचे पैसे बुडण्याचा धोका तिनें डोळ्यांनीं पाहून झांकल्यासारखें झालें. तिला तिसरा मार्ग सुचला आणि तो तिला फार प्रामाणिक वाटला. ती म्हणाली, "या कर्जाबद्दल मी मत देणार नाहीं. तुम्ही ठरवा."

तीन वर्षांत कोणत्याही कर्जाबद्दल ती असें म्हणाली नव्हती. क्षणभर सर्व गप्प झाल्या. मग एकीनें दुसरीकडे पाहिलें. कर्ज पुढच्या बैठकीवर टाकलें गेलें. संध्याकाळपर्यंत वाडींत चर्चा सुरू झाली कीं, हिच्या घरीं कांहीं तरी आहे आणि तें काकींना ठाऊक आहे. रात्रीं ती चर्चा नवऱ्याच्या कानांवर गेली. पुढें काय झालें तें मी लिहीत नाहीं. त्यानंतर ती मुलगी अकरा आठवडे खोलीकडे फिरकली नाहीं. आणि छप्पराचें म्हणणें अगदीं खरें होतें. जून महिनाभर त्या घरांत दोन पातेलीं आणि एक बादली गळतीखालीं मांडलेली असत.

कार्यकर्ती हें घेऊन माझ्याकडे आली तेव्हां तिचा प्रश्न होता, मीं तर कांहींच बोललें नाहीं, मग चुकलें कोठें? चूक त्या दिवशींची नव्हती, त्या आधींची होती. त्या दिवशीं तिच्यापुढें जे तीन मार्ग होते ते तिन्ही बंद झालेले होते. अपवाद म्हणून पाळलेलें मौन हें मौन नसतें. तें बोटानें दाखविणें असतें. आपण एखाद्या निर्णयांतून अंग काढून घ्यावयाचें असेल तर तें सर्वांच्याच बाबतींत, आधीं, आणि कोणाचेंही प्रकरण समोर नसतांना काढून घेतलें पाहिजे. खोलींत बसण्याचें काम पतकरलें त्याच दिवशीं तिनें गटाला सांगावयाचें होतें कीं, मी सभासद राहीन, पैसे भरीन, पण यापुढें कोणत्याच कर्जाच्या निर्णयांत मी नसेन. मग मे महिन्यांतलें तिचें गप्प बसणें कोणाच्या लक्षांतही आलें नसतें.

दुसरी एक चूक याहून सूक्ष्म आहे. खोलींत जें कळतें तें एका दुखावलेल्या क्षणाचें सत्य असतें. फेब्रुवारींत नवऱ्यानें पैसे नेले, यावरून मे महिन्यांतलें छप्पर खोटें ठरत नाहीं. त्या बैठकींत कार्यकर्तीनें त्या मुलीकडे शेजारीण म्हणून पाहिलें असतें, तर ताडपत्रीचा फाटका कोपरा रस्त्यावरून तिला दिसलाच होता. तिनें पाहिली ती लिहून ठेवलेली नोंद. आपल्याला अधिक कळतें या भावनेनें डोळ्यांनीं दिसणारेंही कधीं कधीं झांकलें जातें.

मग तिनें विचारलें, जाऊन क्षमा मागूं का? मीं सांगितलें, चूक कबूल कर, क्षमा मागूं नकोस. क्षमा मागणें म्हणजे, माझ्या मनाचा भार उतरव, असें त्या मुलीलाच सांगणें. तिनें तुझें समाधान करीत बसावें एवढी तिची ऐपत आज नाहीं. "माझ्या गप्प बसण्यानें तुला त्रास झाला, तें माझ्याकडून चुकलें, तूं खोलींत आलीस किंवा न आलीस तरी यापुढें असें होणार नाहीं," एवढें म्हणावें आणि निघावें. त्याबरोबरच घडलेलें सर्व तिनें तारखेसह आपल्या नोंदवहींत लिहावें असेंही मीं सुचविलें. अशा प्रसंगांच्या नोंदी बहुतेक कार्यकर्त्या टाळतात, आणि नोंद टाळावीशी वाटणें हेंच कांहीं तरी बिघडल्याचें पहिलें लक्षण असतें. दुसरें लक्षण म्हणजे विचारावयाचा राहिलेला प्रश्न. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बायकोला, "शेवटचें मारलें तें केव्हां?" हें विचारतांना जीभ अडखळली, तर त्या पंपानें खोलींत प्रवेश केला असें समजावें.

यावर, "मग दुसऱ्या कार्यकर्तीकडे पाठवावें," असें शहरांतले लोक सहज म्हणतात. दुसरी कार्यकर्ती चाळीस किलोमीटरवर बसते. जाण्यायेण्यांत दिवसाची मजुरी बुडते, आणि कोठें गेली होतीस याला घरीं उत्तर द्यावें लागतें. अशा ठिकाणीं "दुसरीकडे जा" याचा अर्थ पुष्कळदां "जाऊं नकोस" असाच होतो. तरीही कांहीं नातीं अशीं आहेत कीं तेथें पाठविलेंच पाहिजे. आपल्या उंबऱ्याच्या आंतला माणूस, आपला सावकार किंवा आपला देणेकरी समोर असेल तर तेथें कितीही विवेक पुरा पडत नाहीं. आणि लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानांवर आली तर नात्याचा व गुपिताचा प्रश्नच उरत नाहीं. २०१२ सालच्या पॉक्सो कायद्यानें ती पोलिसांना कळविणें प्रत्येकावर बंधनकारक केलें आहे आणि न कळविणें हा गुन्हा ठरविला आहे. ही मर्यादासुद्धां पहिल्याच भेटींत सांगून ठेवावयाची असते. गुपित ऐकून झाल्यावर सांगितली तर ती फसवणूक वाटते.

आपल्या कायद्यानें या प्रश्नाचा विचार केलेला आहे, पण तो शहरांत बसून केलेला दिसतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा. त्याखालचे नियम २००६ सालचे. न्यायाधीश समुपदेशक नेमतो तेव्हां वादाशीं कसलाही संबंध असलेली किंवा दोहोंपैकीं कोणा पक्षाच्या नात्यांतली व्यक्ति नेमूं नये, असा त्यांत नियम आहे. सर्व पक्षांनीं आपली हरकत लेखी सोडून दिली तर मात्र चालतें. नियम चांगला आहे. पण नात्यांत नाहीं असें कोण आहे त्या तीन वाड्यांत? मग उरते ती लेखी संमति. नवरा सही करतो, सासरा मान हालवितो, आणि कागद सुनेपुढें सरकविला जातो. "काकींच्या नांवाला माझी हरकत आहे," असें त्या क्षणीं ती म्हणूं शकेल काय? म्हणूं शकली तर तिला काकींची गरज बहुधा नसतेच. म्हणून हा प्रश्न तिला एकटीला, आधीं, आणि तोही शक्यतों दुसऱ्या कोणीं तरी विचारावा, असें माझें मत आहे. तिचा नकार आला तर तो कार्यकर्तीनें आपल्या तोंडानें सांगावा, जणूं माघार आपणच घेत आहों.

या कार्यकर्तीनें जुलैंत सचिवपद सोडलें. कारण तिला सांगतां येण्यासारखें नव्हतें, म्हणून तिनें कामाचा व्याप वाढला असें सांगितलें. बायकांना तें पटलें नाहीं. नोकरीचा ताठा आला, असें एकीनें तोंडावर म्हटलें. घरीं सासूबाईंनीं दोनदां विचारलें कीं, चार जणींनीं मानानें दिलेली खुर्ची अशी कां सोडलीस? दोन्हीं वेळां ती गप्प बसली. माझ्याजवळ हें सांगतांना तिच्या डोळ्यांत पाणी आलें. तिची समजूत घालण्याजोगें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. सचिवपद गेल्याचें दुःख थोडें, पण सासूबाईंना खोटें वाटावें असें वागावें लागलें याचें फार, असें ती म्हणाली.

ती मुलगी ऑगस्टमध्यें, नारळी पौर्णिमा झाल्यावर, परत खोलींत आली. कांहीं महिन्यांनीं तिनें पुन्हां कर्ज मागितलें. त्याचें काय ठरलें तें कार्यकर्तीला इतरांच्याच तोंडून, इतर कर्जांसारखें, मागाहून कळलें.

गेल्या खेपेस मी त्या गांवीं गेलें तेव्हां गटाची बैठक नुकतीच संपली होती. बैठकीला उशिरां येणारीला दहा रुपये दंड, असा गटाचा नियम आहे. त्या दिवशीं कार्यकर्ती उशिरां आली होती, आणि या मुलीनें भर बैठकींत तिला अडविलें. "काकी, मागच्या महिन्यांत माझ्याकडून घेतलेत तर आज तुम्हीही भरा. नोकरीवरून आल्यांत म्हणून सूट नाहीं." कार्यकर्ती कांहीं बोलूं लागली तों ती आणखी मोठ्यानें म्हणाली, "नियम म्हणजे नियम!" हें मला सांगत असतांना कार्यकर्ती पदराच्या गांठींतून दहाची नोट सोडवीत होती.